निफ्टीचे २०२० मधले बारा महिने: स्क्यूनेस आणि एक्सेस कर्टोसिस हाताने कसं काढायचं

डिसेंबर २०१९ अखेर निफ्टी ५० हा निर्देशांक १२,१६८.४५ वर बंद झाला आणि डिसेंबर २०२० अखेर १३,९८१.७५ वर. म्हणजे वर्षाचा परतावा जवळपास १५ टक्के. नुसता हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल, बरं गेलं वर्ष. त्या वर्षात शेअर बाजारात पैसे असलेल्या कुणालाही मार्च महिना आठवतो तो वेगळ्याच कारणाने.

सरासरी आणि प्रमाण विचलन या दोन आकड्यांत मार्चची गोष्ट नीट मावत नाही. फंडांच्या फॅक्टशीटमध्ये प्रमाण विचलन असतं, बीटा असतो, शार्प रेशो असतो, पण परताव्यांचा आकार कुठे झुकलाय आणि टोकाला किती वजन आहे हे बहुधा नसतं. ते सांगणारे दोन आकडे म्हणजे स्क्यूनेस आणि कर्टोसिस. एक्सेलमध्ये ते एका सूत्रात मिळतात, तरी एकदा कागदावर काढून पाहावेत. आकडा कोणत्या महिन्यामुळे बनलाय हे कागदावरच दिसतं, आणि या दोन आकड्यांच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे.

पहिली पायरी: मासिक परतावे

महिनाअखेरचा बंद भाव घ्या, त्याला आधीच्या महिनाअखेरच्या भावाने भागा, एक वजा करा, शंभराने गुणा. जानेवारी २०२० अखेर निफ्टी ११,९६२.१० होता. ११,९६२.१० भागिले १२,१६८.४५ म्हणजे ०.९८३, म्हणून जानेवारीचा परतावा −१.७ टक्के. फेब्रुवारीअखेर ११,२०१.७५ आणि मार्चअखेर ८,५९७.७५, म्हणून मार्चचा परतावा −२३.२ टक्के. असे बारा आकडे काढायचे. हाताने करताना एक दशांश स्थळ पुरे.

हा निर्देशांक लाभांश धरत नाही. लाभांशासकट हिशेब हवा असेल तर टोटल रिटर्न निर्देशांक घ्या. मात्र एकदा जो घेतला तोच शेवटपर्यंत ठेवा.

दुसरी पायरी: सरासरी आणि तिच्यापासूनचं अंतर

बारा परताव्यांची बेरीज येते १९.९. बाराने भागल्यावर १.६६, आपण १.७ धरू. आता प्रत्येक महिन्याच्या परताव्यातून १.७ वजा करायचे. हे झालं विचलन. चिन्ह जपा, पुढे त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

विचलनांची बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. आपली −०.५ येते, कारण सरासरी १.६६ ऐवजी १.७ घेतली आणि तो ०.०४ चा फरक बारा वेळा साठला. बेरीज ५ किंवा १० आली तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे. तिथेच थांबून शोधा, कारण पुढे घन आणि चौथा घात घेताना ती चूक बेसुमार फुगते.

तिसरी पायरी: वर्ग, घन, चौथा घात

प्रत्येक विचलनाचा वर्ग, घन आणि चौथा घात काढायचा. युक्ती अशी की वर्ग एकदा काढला की त्याला विचलनाने गुणून घन मिळतो आणि वर्गाचाच वर्ग म्हणजे चौथा घात.

| महिना | परतावा (%) | विचलन | वर्ग | घन | चौथा घात |
|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | −१.७ | −३.४ | ११.६ | −३९ | १३४ |
| फेब्रुवारी | −६.४ | −८.१ | ६५.६ | −५३१ | ४,३०५ |
| मार्च | −२३.२ | −२४.९ | ६२०.० | −१५,४३८ | ३,८४,४१२ |
| एप्रिल | १४.७ | १३.० | १६९.० | २,१९७ | २८,५६१ |
| मे | −२.८ | −४.५ | २०.३ | −९१ | ४१० |
| जून | ७.५ | ५.८ | ३३.६ | १९५ | १,१३२ |
| जुलै | ७.५ | ५.८ | ३३.६ | १९५ | १,१३२ |
| ऑगस्ट | २.८ | १.१ | १.२ | १ | १ |
| सप्टेंबर | −१.२ | −२.९ | ८.४ | −२४ | ७१ |
| ऑक्टोबर | ३.५ | १.८ | ३.२ | ६ | १० |
| नोव्हेंबर | ११.४ | ९.७ | ९४.१ | ९१३ | ८,८५३ |
| डिसेंबर | ७.८ | ६.१ | ३७.२ | २२७ | १,३८५ |
| बेरीज | १९.९ | −०.५ | १,०९७.८ | −१२,३८९ | ४,३०,४०६ |

पुढे जाण्याआधी मार्चच्या ओळीवर उजवीकडे नजर फिरवा. वर्गांच्या बेरजेत मार्चचा वाटा सुमारे ५६ टक्के आहे. चौथ्या घाताच्या बेरजेत तो ८९ टक्के होतो. उरलेले अकरा महिने मिळून ११ टक्के. घाताचा स्वभावच असा की छोटं अंतर छोटंच राहतं आणि मोठं अंतर बाकी सगळ्यांना गिळून टाकतं.

चौथी पायरी: भागाकार

तिन्ही बेरजा बाराने भागा.

वर्गांची सरासरी: १,०९७.८ ÷ १२ = ९१.५. याचं वर्गमूळ ९.५७, हे आपलं प्रमाण विचलन.

घनांची सरासरी: −१२,३८९ ÷ १२ = −१,०३२.

चौथ्या घातांची सरासरी: ४,३०,४०६ ÷ १२ = ३५,८६७.

स्क्यूनेस म्हणजे घनांची सरासरी भागिले प्रमाण विचलनाचा घन. तो घन ९१.५ × ९.५७ = ८७६ येतो. म्हणून −१,०३२ ÷ ८७६ = −१.१८.

कर्टोसिस म्हणजे चौथ्या घातांची सरासरी भागिले वर्गांच्या सरासरीचा वर्ग. ९१.५ चा वर्ग ८,३७२. म्हणून ३५,८६७ ÷ ८,३७२ = ४.२८. यातून ३ वजा केले की एक्सेस कर्टोसिस: १.२८.

तीनच का वजा करायचे? घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाचं कर्टोसिस नेमकं ३ असतं, त्याचं प्रमाण विचलन कितीही असो. म्हणून तीन ही मोजायची सुरुवात धरली जाते. शून्याच्या वर म्हणजे टोकं नॉर्मलपेक्षा जड, म्हणजेच शेपट्या जाड, शून्याच्या खाली म्हणजे हलकी.

स्क्यूनेसमध्ये घन घेतल्यामुळे चिन्ह टिकतं. समान मापाची पडझड आणि चढ एकमेकांना खोडून काढतात, जे उरतं ते झुकाव. आपल्याकडे −१.१८ उरलं, म्हणजे मोठी अंतरं खालच्या बाजूला आहेत. चौथ्या घातात चिन्ह नाहीसं होतं. म्हणून कर्टोसिस फक्त एवढंच सांगतं की टोकाला वजन आहे, ते कोणत्या बाजूला हे सांगत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे.

कर्टोसिस म्हणजे आलेखाचं शिखर किती टोकदार, असं अनेक जुन्या टिपणांत वाचायला मिळतं. ते सोडून द्या. ऑगस्ट आणि ऑक्टोबर हे शिखराजवळचे महिने, त्यांचा चौथ्या घातात वाटा ४,३०,४०६ पैकी ११. शिखराला इथे जवळपास मतच नाही.

पाचवी पायरी: सर्वांत वाईट महिना काढून पुन्हा मोजा

ही पायरी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. माझ्या मते ती सक्तीची असावी.

मार्च काढला की अकरा महिने उरतात. त्यांची सरासरी ३.९, प्रमाण विचलन ६.२. तीच कृती पुन्हा केली की स्क्यूनेस येतो ०.०५ आणि एक्सेस कर्टोसिस −१.०. म्हणजे झुकाव नाहीसा झाला आणि जड टोकाचं वितरण हलक्या टोकाचं झालं. चिन्हच उलटलं! अकरा महिने एका बाजूला आणि एक महिना दुसऱ्या बाजूला असताना निकाल एका महिन्याने दिला.

याचा अर्थ मार्चला अपवाद म्हणून वगळावं असा नाही. पैसे खरोखरच गेले होते. अर्थ असा की हा आकडा ज्या कालखंडावरून काढलाय त्यात असा महिना आला होता का, हे विचारल्याशिवाय त्याला भाव देऊ नये. एखाद्या योजनेचं कर्टोसिस कमी दिसलं, तर कदाचित ती सुरक्षित असेल, कदाचित तिचा मार्च अजून यायचा असेल. आकड्याकडे पाहून यातला फरक कळत नाही.

एक्सेलचा आकडा वेगळा का येतो

हेच बारा परतावे शीटमध्ये B2 ते B13 या खान्यांत टाकून पडताळा घ्या:

```
=SKEW.P(B2:B13)   -> -1.17
=SKEW(B2:B13)     -> -1.34
=KURT(B2:B13)     ->  2.74
```

पहिला आकडा आपल्याशी जुळतो. शतांशातला फरक सरासरी १.७ धरल्याचा. दुसरा आणि तिसरा वेगळे येतात, कारण एक्सेल हे बारा महिने नमुना समजतं आणि लहान नमुन्यासाठी आकडा वाढवून देतं. आपण सरळ बाराने भागलं. शंभर-दीडशे महिने असतील तर हा फरक किरकोळ होतो, बारा महिन्यांवर मात्र १.२८ आणि २.७४ इतकं अंतर पडतं. `KURT` तीन आधीच वजा करून उत्तर देतं, पुन्हा वजा करू नका. दुसऱ्या कुणाचा आकडा आपल्याशी ताडून पाहताना आधी विचारा: तीन वजा केलेत का, आणि नमुन्याची दुरुस्ती केली आहे का?

बारा महिने किती सांगू शकतात

फार थोडं. परतावे खरोखर नॉर्मल असते तरी बारा महिन्यांच्या नमुन्यात स्क्यूनेस शून्याच्या दोन्ही बाजूंना सहज ०.७ ने हलला असता. हा अंदाज ६ ला महिन्यांच्या संख्येने भागून वर्गमूळ घेतलं की मिळतो. कर्टोसिससाठी ६ च्या जागी २४ घ्या, १.४ येतात. म्हणजे आपलं १.२८ एवढं एक्सेस कर्टोसिस निव्वळ योगायोगानेही येऊ शकतं. दहा वर्षांचे १२० महिने घेतले की हेच अंदाज ०.२२ आणि ०.४५ वर येतात. तेव्हा कृती शिकायला बारा महिने ठीक, निष्कर्षाला किमान दहा वर्षं घ्या.

लहान नमुन्यात आणखी एक गोष्ट लपते. मार्च सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे? २४.९ ÷ ९.५७ = २.६. ऐकायला फारसं भयंकर नाही. पण त्या ९.५७ मध्ये मार्च स्वतःच बसलाय. आपण वापरतोय त्या पद्धतीने बारा आकड्यांत कोणताही आकडा ३.३२ प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही (अकराचं वर्गमूळ), मग तो महिना −२३ चा असो की −९० चा. मोठी पडझड आपलीच मोजपट्टी ताणते. मार्चला उरलेल्या अकरा महिन्यांच्या पट्टीने मोजलं तर अंतर ४.४ येतं.

जाड शेपट्या म्हणजे व्यवहारात काय

समजा, जानेवारी २०२० मध्ये कुणी निफ्टीसाठी मासिक सरासरी १ टक्का आणि प्रमाण विचलन ५ टक्के धरलं. हे आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत. नॉर्मल वितरणाने −२३.२ चा महिना सरासरीच्या ४.८४ प्रमाण विचलनं खाली पडतो, आणि इतकं किंवा याहून वाईट घडण्याची शक्यता सुमारे पंधरा लाख महिन्यांत एकदा. म्हणजे सव्वा लाख वर्षांत एकदा.

प्रमाण विचलन ५ ऐवजी सढळ हाताने ७ धरा. तरी उत्तर सुमारे तीनशे वर्षांत एकदा असंच येतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर २००८ मध्ये निफ्टी ३,९२१.२० वरून २,८८५.६० वर आला होता, एका महिन्यात −२६.४ टक्के. बारा वर्षांच्या आत असे दोन महिने. दुर्दैव इतकं नेमाने येत नाही, इथे गृहीतकच चुकलं आहे.

ते का चुकतं हे एका छोट्या हिशेबाने दिसतं. कल्पना करा की बाजाराचे महिने दोन प्रकारचे आहेत: शंभरातले नव्वद शांत, प्रमाण विचलन ३ टक्के, दहा खवळलेले, प्रमाण विचलन ९ टक्के. दोन्ही प्रकार आपापल्या जागी अगदी नॉर्मल, सरासरी शून्य. एकत्र केल्यावर वर्गांची सरासरी ०.९ × ९ + ०.१ × ८१ = १६.२, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ४. नॉर्मलचं कर्टोसिस ३, म्हणून चौथ्या घाताची सरासरी ३ × (०.९ × ८१ + ०.१ × ६,५६१) = २,१८७. त्याला १६.२ च्या वर्गाने, २६२.४ ने भागा. कर्टोसिस ८.३, एक्सेस ५.३.

घटक दोन्ही नॉर्मल, तरी मिश्रणाची शेपटी जाड. बाजारात जाड शेपट्या येण्याचं हे एक मोठं कारण: अस्थिरता स्थिर राहत नाही आणि खवळलेले दिवस एकमेकांना धरून येतात. २०२० चे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल हे सलग तीन महिने तक्त्यात पुन्हा पाहा.

या मिश्रणात −१२ टक्क्यांहून वाईट महिना सुमारे नऊ वर्षांत एकदा येतो. तेवढंच, ४ टक्के प्रमाण विचलन असलेल्या साध्या नॉर्मल वितरणात तो साठ वर्षांत एकदा. त्याच वेळी एका प्रमाण विचलनाच्या आत राहणारे महिने मिश्रणात ७७ टक्के असतात, नॉर्मलमध्ये ६८. म्हणजे जाड शेपटीचा बाजार बहुतेक काळ नॉर्मलपेक्षाही शांत वाटतो. चार-पाच वर्षं शांत गेली म्हणून जोखीम कमी आहे असा अंदाज बांधणारा माणूस इथेच फसतो.

फटका बसतो तो उसन्या पैशाला. समजा, दहा लाखांचे शेअर आहेत, त्यात चार लाख स्वतःचे आणि सहा लाख कर्जाचे. १ आणि ५ टक्क्यांच्या गृहीतकाने दोन प्रमाण विचलनांचा वाईट महिना म्हणजे −९ टक्के. शेअर ९.१ लाखांवर येतात, स्वतःचे ३.१ लाख उरतात, निभावतं. मार्च २०२० मध्ये तेच शेअर महिनाअखेर ७.६८ लाखांवर आले असते आणि स्वतःचे उरले असते १.६८ लाख. इथून चार लाखांवर परत यायला बाजार ३० टक्के चढावा लागतो.

पण कर्ज देणारा महिनाअखेरची वाट पाहत नाही, आणि मासिक आकड्यांची ही सर्वांत मोठी मर्यादा आहे. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडून ७,६१०.२५ वर बंद झाला. फेब्रुवारीअखेरपासून ही घसरण ३२ टक्के होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाजार सावरला म्हणून आपल्या तक्त्यात ती −२३.२ दिसते. वरच्या उदाहरणात २३ तारखेला शेअरांची किंमत ६.७९ लाख होती, म्हणजे कर्ज वजा जाता हातात ७९ हजार. त्या दिवशी किंवा त्याआधीच जादा रकमेची मागणी झाली असती आणि ती भरता आली नाही तर शेअर तिथेच विकले गेले असते. त्या माणसासाठी एप्रिलचे +१४.७ टक्के आलेच नसते. कर्ज किंवा फ्युचर्स असतील तर हाच तक्ता दैनंदिन परताव्यांवर करा; एसआयपी करून वर्षानुवर्षं हात न लावणाऱ्याला मासिक तक्ता पुरतो.